घरभेट यशस्वी

फोनवर गोड बोलणं हा छकुलीच्या आईचा पोटापाण्याचा धंदाच होता. दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून तिने कित्येक वर्षं लोकांना "बसा, एवढ्यात बोलावतीलच" असं सांगितलं होतं. आत कुणाची तरी दाढ अर्धी निघून अर्धी अडकलेली असायची, आणि ही बाहेरच्याला हसून म्हणायची, "छे हो, कळतसुद्धा नाही." अशा बाईला गोड बोलून कुणी गुंडाळेल असं कुणालाही वाटलं नसतं. पण चोरावर मोर भेटतोच.

हा मोर विमा कंपनीत बसत होता. छकुलीला इस्पितळात ठेवल्यापासून दर आठवड्याला त्या बाईचा फोन यायचा. ती स्वतःला समन्वयक म्हणवायची. पेशंटच्या घरच्यांशी बोलायचं, काही अडचण आहे का विचारायचं, हे तिचं काम. आवाज तरुण, पण बोलण्यात एक ऊब. "काकू, जेवली का आपली राणी?" अशी सुरुवात करायची, आणि मग, सगळ्यात शेवटी, "आणि तुम्ही कशा आहात काकू? तुम्ही जेवलात का?"

हे शेवटचं वाक्य आईच्या काळजात जाऊन बसलं. कारण त्या दिवसांत तिला हे दुसरं कुणीही विचारत नव्हतं. थोरली नणंद घरी येऊन म्हणून गेली होती, "आमच्या घरात कुणी उपाशी राहिलं नव्हतं हो आजवर." जाऊबाईंनी तर सरळ सांगितलं, "दोन रट्टे द्या, जेवेल." एकोणीस वर्षांची पोर, जिचा घास उचलताना हात कापतो, जिला ताटाची भीती वाटते, तिला रट्टे! हा हट्ट नाही, आजार आहे, आणि मनाच्या आजारांत जीव घेण्याच्या बाबतीत तो फार वरच्या नंबरावर आहे, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. पण नातेवाइकांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं, हे जगजाहीर आहे.

तर या सगळ्यांत ही एकटी फोनवरची बाई आपलं माणूस वाटली. आणि आपल्या माणसाला रडगाणं काय सांगायचं? कुणी विचारपूस केली की "ठीक आहे, चाललंय छान" म्हणायचं, हे आईला लहानपणापासून शिकवलेलं. वाईट बोलून दाखवलं की ते खरं होतं, असं तिची आई म्हणायची. म्हणून ती सांगायची, "आता पुष्कळ बरी आहे हो. ताट पूर्ण संपवते. परवा हसली." पलीकडे टकटक असा बारीक आवाज यायचा. आईला वाटायचं, बिचारी काम करता करता आपल्याशी बोलतेय.

ती काम करता करता बोलत नव्हती. बोलणं हेच तिचं काम होतं.

हे कळलं एका मंगळवारी. इस्पितळातल्या समाजसेविकेने आईला बोलावून घेतलं. ही बाई ठेंगणी, चष्मा कायम कपाळावर, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. वॉर्डातले सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. तिची खोली म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. एक टेबल, दोन खुर्च्या, फायलींनी भरलेलं कपाट, आणि छतातून जाणारा पाण्याचा नळ, जो कुणी वर संडास वापरला की खळाळायचा.

"कंपनीने हात वर केलेत," चष्मेवालीने सांगितलं. "शुक्रवारनंतर पैसे देणार नाही म्हणतात. भरती राहण्याची वैद्यकीय गरज उरलेली नाही, दिवसा येऊन जायच्या केंद्रात उपचार पुरेसे आहेत."

"असं कसं? तिच्या नाकातली जेवणाची नळी काढून अजून किती दिवस झालेत?"

"मला माहितीये. बसा. पत्र वाचून दाखवते."

पत्र लहानसंच होतं. वजन वाढत आहे. जेवण शंभर टक्के पूर्ण होत आहे. घरभेट यशस्वी (एका रविवारी तिला दिवसभरासाठी घरी सोडलं होतं, ती). आणि मग पुढचं वाक्य चष्मेवालीने जरा हळू वाचलं: "पेशंटच्या आईच्या म्हणण्यानुसार पेशंट पुष्कळ बरी असून, आनंदी असून, घरी येण्यास उत्सुक आहे."

वर कुणीतरी पाणी सोडलं. नळ खळाळला.

"हे मी म्हटलंय," आई म्हणाली.

"कुणाला?"

"त्या मुलीला. ती... ती मला काकू म्हणते."

चष्मेवालीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि आईकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण तो असता तर बरं झालं असतं. "अहो, त्या बोलण्याची नोंद होते," ती म्हणाली. "त्यांचा पहिलाच प्रश्न असतो ना, हा कॉल रेकॉर्ड होतोय म्हणून?"

होय, असतो. आईने दर वेळी "हो हो" म्हटलं होतं. दवाखान्यात तीही असंच काहीबाही घाईघाईने सांगायची आणि लोक "हो हो" म्हणायचे. पण ते आता आठवून काय उपयोग. समोरचं टेबल उलटून टाकावंसं तिला वाटलं. जिच्यापाशी मन मोकळं केलं, तिने तेच शब्द उचलून तिच्याच पोरीच्या नरड्यावर ठेवले होते. आणि दर वेळी विचारलं होतं, तुम्ही जेवलात का काकू.

"सही कुणाची आहे खाली?" आईने विचारलं.

"त्यांच्या डॉक्टरची. हाडांचे आहेत."

"हाडांचे?"

"कागद वाचून निर्णय देतात. तिला बघितलेलं नाही."

तिची हाडंच तेवढी दिसतात म्हणून हाडांच्याला दिलं असेल, असं आई म्हणाली आणि स्वतःच हसली. ते हसू ऐकून चष्मेवालीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

स्वतःचे पैसे भरून तिला इस्पितळात ठेवणं शक्य नव्हतं. छकुलीच्या बाबांच्या नोकरीवरचा विमा हाच काय तो आधार, आणि घर विकलं तरी फार लांबची सोय होणार नव्हती. राहिला एक रस्ता: तातडीचं अपील. पेशंट भरती असताना केलं तर कंपनीला तीन दिवसांत उत्तर द्यावं लागतं. डॉक्टरांचं पत्र, तपासण्यांचे कागद, घरच्यांचं निवेदन, आणि पेशंट सज्ञान असल्यामुळे तिची स्वतःची सही.

"सही ती करणार नाही," आई म्हणाली.

"ते नंतर बघू," चष्मेवाली म्हणाली.

छकुलीला बातमी आधीच लागली होती. वॉर्डात काही लपत नाही. आई वर गेली तेव्हा ती जेवणाच्या खोलीत बसली होती. ही खोली म्हणजे एक लांब टेबल आणि दाराला काच. टेबलाशी चार मुली, आणि प्रत्येकीच्या घासावर नजर ठेवून शेजारी बसलेल्या सिस्टर. जेवण झालं तरी कुणाला लगेच उठू देत नाहीत. तासभर सगळ्यांनी तिथेच बसायचं, नाहीतर बाथरूममध्ये जाऊन खाल्लेलं ओकून टाकतील. छकुलीचं ताट तसंच होतं. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लव उगवली होती, उपाशी शरीर स्वतःला ऊब द्यायला उगवतं तशी. ती हसत होती. कित्येक दिवसांत एवढं मोकळं हसली नव्हती.

"बघ," ती म्हणाली. "कंपनीला कळलं. तुम्हालाच कळत नव्हतं. मी बरी आहे."

"छकुली, घास घे."

"का घेऊ? माझी गरज संपली. लिहून दिलंय त्यांनी." मग आवाज खाली आणून, लाडात आल्यासारखी, "तूच सांगितलंस ना त्यांना? मला वाटलंच. तू एकटीच आहेस माझ्या बाजूने."

सिस्टरने आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी छकुलीने ताट संपवलं नाही, रात्रीचं दूधही घेतलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. कंपनीचं पत्र आजाराच्या हातात आयतंच कोलीत होतं.

बुधवारी दुपारी डॉक्टरीणबाई जिन्याखालच्या कोनाड्यात आल्या. उंच, थकलेल्या, कोटाच्या खिशात अर्धी खाल्लेली बिस्किटं. कंपनीच्या डॉक्टरशी त्यांचं फोनवर बोलणं झालं होतं. "मला बोलूच दिलं नाही नीट," त्या म्हणाल्या. "मी नाडीचं सांगतेय, ते म्हणतात, घरभेट यशस्वी झाली ना? मी म्हणते, अहो जेवते कारण कुणीतरी शेजारी बसलेलं असतं. ते म्हणतात, जेवते ना? आणि आईच म्हणतेय ना?"

आईने मान खाली घातली.

"ठीक आहे, आता ते उगाळू नका," चष्मेवाली म्हणाली आणि कागद ओढला. "पत्र लिहू. त्यांच्या एकेका मुद्द्याला एकेक उत्तर. त्यांच्याच नियमावलीतले शब्द वापरून. ती पोर किती गोड आहे वगैरे नको. आपलं रडणं ते वाचत नाहीत."

मग त्या दोघी बोलत गेल्या आणि पत्र उभं राहत गेलं. वजन वाढतंय म्हणता, तर ते डॉक्टरांनी ठरवलेल्या किमान पातळीच्या अजून पुष्कळ खाली आहे, आणि वाढलंय ते चोवीस तास नजर ठेवल्यामुळे. ताट पूर्ण संपवते हा बरी झाल्याचा पुरावा नाही, उपचार चालू असल्याचा पुरावा आहे. प्लास्टरमध्ये पाय सरळ दिसतो म्हणून कुणी प्लास्टर काढत नाही. ("हे राहू द्या," चष्मेवाली म्हणाली, "हाडांच्या माणसाला कळेल.") रात्री सिस्टर मोजतात तेव्हा झोपेतली नाडी अजून धोक्याच्या रेषेखाली असते. उठून उभी राहिली की रक्तदाब कोसळतो. खाणं वाढवताना रक्तातले क्षार अचानक घसरू शकतात, हृदय बंद पडू शकतं, म्हणून रोज रक्त तपासावं लागतं. दिवसा येऊन जायच्या केंद्रात ही सोय नाही आणि ते संध्याकाळी बंद होतं. त्या केंद्रात तिला दोनदा ठेवून झालंय, दोन्ही वेळा घसरली. अपील तपासणारा डॉक्टर या आजारातला जाणकार असावा, हाडांचा नको.

"आणि किती दिवस हवेत ते लिहा," चष्मेवाली म्हणाली. "अमुक वजन, अमुक दिवस नाडी स्थिर, नळीशिवाय जेवण, आणि घरी एक जेवण कुणी न बघता. हे झालं की आम्ही स्वतः खालच्या पायरीवर पाठवू. नुसतं 'अजून ठेवा' म्हटलं की त्यांना वाटतं आपण तिचं लग्नसुद्धा इथेच लावणार आहोत."

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. मग कागदावर बोट ठेवून थांबल्या. "घरभेटीचं काय करायचं? आपल्याच फायलीत 'यशस्वी' लिहिलंय. हा त्यांचा हुकमाचा पत्ता आहे. आणि एक मला कळलंच नाही. त्या रविवारी परत आली तेव्हा तिचं पोटॅशियम घसरलेलं होतं. नाडीही. मी म्हटलं, प्रवासाची दगदग असेल. पण घरी सगळं छान गेलं म्हणालात ना तुम्ही?"

वर कुणी पाणी सोडलं नाही.

आई म्हणू शकली असती, हो, छानच गेलं. ते वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं. पण समोर शुक्रवार होता.

"नाही गेलं," ती म्हणाली.

आणि सांगू लागली. सकाळचं जेवली. दुपारी निम्म्यावर आली आणि म्हणाली, आई, एवढं राहू दे ना, आज तरी, घरी आलेय मी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्या घरात, आपल्या टेबलाशी बसलेली पोर, किती महिन्यांनी. आईने ताट उचललं. जेवल्यावर तासभर जवळ बसा, बाथरूममध्ये एकटीला सोडू नका, असं बजावून सांगितलेलं होतं. छकुली म्हणाली, पाच मिनिटं. आई म्हणाली, बरं. बाबा बाहेर गेले होते. बराच वेळ झाला. आईने हाक मारली. मग दार ढकललं.

"ती फरशीवर होती," आई म्हणाली. "ओठ निळे. मी हलवलं, उठेना. मला वाटलं, गेली." तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "मग डोळे उघडले. मी तोंडावर पाणी मारलं, साखरेचं पाणी पाजलं, कपडे बदलले. आणि परत आणून सोडलं. सिस्टरांना म्हटलं, छान गेलं."

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. कोनाडा एवढा लहान की उभं राहिलं की कुठे जायला जागाच नव्हती. "बेशुद्ध पडली होती? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी त्याच आठवड्यात तिच्यावरची नजर कमी केली. रात्रीचा मॉनिटर काढला. तुमच्या शब्दावर." त्यांचा आवाज चढला नाही, पण हात खिशात जाऊन बिस्किटांचा चुरा करू लागला. "आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवतो हो. दुसरं आहे काय आमच्याकडे?"

त्या कंपनीच्या मुलीला आई कालपासून मनातल्या मनात शिव्या घालत होती. आता त्यातली एकेक शिवी परत येऊन तिलाच लागत होती.

"का नाही सांगितलंत?" चष्मेवालीने विचारलं. तिने हे रागाने विचारलं नाही.

"सांगितलं असतं तर पुन्हा घरी पाठवलं नसतंत. आणि..." आईला पुढचं सापडेना. मग सापडलं. "सगळे विचारत होते, कसं गेलं, कसं गेलं. सगळ्यांना चांगलं ऐकायचं होतं."

चष्मेवालीने नवा कागद घेतला. "हे तुमच्या शब्दांत लिहायचं. आज. तपासणीचे आकडे त्याच दिवसाचे आहेत, ते तुमच्या सांगण्याला धरून आहेत. फोनवर जे बोललात ते चुकीचं होतं, हेही लिहा. याच्यावर अपील उभं राहील." मग जरा थांबून, "आणि सही करण्याआधी ती हे वाचणार. तिच्या नावाने जाणारा कागद आहे."

आईने लिहिलं. दवाखान्यात रोज दहा कागद भरणारी बाई, तिला त्या एका पानाला दुपार पुरली नाही. 'पाय घसरला' असं एकदा लिहिलं गेलं, ते खोडून तिने 'बेशुद्ध पडली' लिहिलं.

गुरुवारी सकाळी कागद घेऊन ती वर गेली. सोबत चष्मेवाली. छकुली खाटेवर गुडघे जवळ घेऊन बसली होती, अंगावर दोन स्वेटर. काल दिवसभर नीट खाल्लं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं.

"मी सही करणार नाहीये," तिने आधीच सांगून टाकलं. "मला घरी जायचंय. आईलाही तेच हवंय. विचारा तिला."

"आधी वाच," चष्मेवाली म्हणाली.

डॉक्टरांचं पत्र छकुलीने भराभर उलटलं, ते सगळं तिला पाठ होतं. मग आईचं पान आलं. तिथे ती हळू झाली. नजर एकदा वर गेली, परत खाली आली. आई तिच्या बोटाकडे बघत होती. बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय?" छकुली म्हणाली. "ओठ निळे?"

आईने हो म्हणून मान हलवली.

"तू म्हणालीस पाय घसरला. ओली फरशी होती, म्हणालीस. म्हणालीस, लगेच उठलीस तू, काही नाही झालं."

"तू घाबरशील म्हणून..."

"किती वेळ पडले होते मी?"

"नाही माहीत गं."

"आई."

"बराच वेळ," आई म्हणाली. "मला वाटलं, तू गेलीस."

छकुलीने पान मांडीवर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरचं ते मंगळवारपासूनचं हसू गेलं होतं आणि तिथे एकदम लहान मुलीचा चेहरा आला होता, अंधारात जाग आलेल्या.

"मी त्या दिवसापासून स्वतःला सांगतेय," ती म्हणाली, "की मी घरी जाऊन आले आणि काही झालं नाही. इथे रोज मला सगळे घाबरवतात. हृदय बंद पडेल, अमुक होईल, तमुक होईल. मी म्हणायचे, खोटं आहे, माझी आई बघायला होती, काही झालं नाही. ताटातलं ठेवलं ना, तेव्हाही हेच म्हणायचे. आई खोटं नाही बोलणार." आवाज चिरकला. "यांच्यापैकी कुणावर माझा विश्वास नव्हता. तुझ्यावर होता."

"छकुली..."

"तुझ्यावर होता ना!"

शेजारच्या खाटेवरच्या मुलीने तोंड भिंतीकडे केलं. आईने हात पुढे केला, छकुलीने तो झिडकारला. हातात जोर कसला, पाखराने पंख मारावा तेवढाच. पण लागला.

"पेन द्या," छकुली म्हणाली.

चष्मेवालीने पेन दिलं. सही करताना तिला दोनदा थांबावं लागलं. कागद चष्मेवालीच्या हातात देऊन ती म्हणाली, "मला भीती वाटतेय, म्हणून करतेय. हिच्यासाठी नाही." आणि आईकडे न बघता, "बाबांना पाठवत जा. तू येऊ नकोस."

अपील त्याच दुपारी गेलं. शुक्रवार आला तेव्हा आई दवाखान्यात टेबलावर बसली होती. कंपनीच्या त्या मुलीचा फोन आला. "काकू, कशा आहात?" आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी मुलगी बरी नाही. खूप आजारी आहे. हे लिहून घ्या," आणि फोन ठेवला. त्या मुलीला तरी काय शिव्या द्यायच्या. नोकरी करत होती, पोटासाठी. आपणही तेच करतो. तरी जळजळ काही कमी झाली नाही.

बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "दाढ काढताना दुखतं का हो?" आई म्हणाली, "दुखतं. पण नंतर बरं वाटतं." डॉक्टरांनी आतून मान बाहेर काढून पाहिलं.

शनिवारी दुपारी चष्मेवालीचा फोन आला. या वेळी पत्रावर मनोविकाराच्या डॉक्टरची सही होती. नकार मागे घेतला होता, तीन आठवडे मंजूर, मग पुन्हा तपासणार. "आईचं निवेदन आणि त्या दिवसाच्या तपासण्या यांच्यामुळे झालं, असं लिहिलंय त्यांनी," चष्मेवाली म्हणाली. "तुम्ही जिंकलात." आणि मग, तिला न शोभणाऱ्या मऊपणाने, "या तुम्ही. दारापर्यंत या. दारापर्यंत यायला तिने मनाई केलेली नाही."

बाबा पुढे गेले. आई काचेच्या दाराबाहेर थांबली. संध्याकाळचं जेवण चाललं होतं. बाबांनी आत जाऊन छकुलीच्या कानाशी काही सांगितलं, मंजूर झालं म्हणून असेल, आणि नकळत दाराकडे पाहिलं. छकुलीनेही पाहिलं.

क्षणभर दोघींची नजरानजर झाली. आईने हात वर केला नाही. हसलीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याकडे बघत असताना ती हसली नव्हती.

छकुलीने खुर्ची उचलली. तिला ती नीट उचलताही येत नव्हती, म्हणून फरफटत फिरवली, आणि दाराकडे पाठ करून बसली. स्वेटरमधून पाठीचे मणके दिसत होते. सिस्टर तिला काही म्हणाल्या, तिने मान हलवली. मग तिचा उजवा कोपर हलला, वर गेला, खाली आला. बराच वेळ तसाच राहिला. पुन्हा वर गेला.

"बाई, भेटायची वेळ संपत आली," मागून वॉर्डातला माणूस म्हणाला. "आत जायचं असेल तर जा."

"नको," आई म्हणाली. "जेवतेय ती."